छपराचे पाणी आणि महिन्यांचा जमाखर्च : शाळेतील पर्जन्यजल संकलनाच्या पाठाची आखणी

पर्जन्यजल संकलनाचा पाठ बहुतेक शाळांमध्ये एका गुणाकारापाशी येऊन थांबतो. छपराचे क्षेत्रफळ आणि वर्षाचा पाऊस यांचा गुणाकार केला की लिटरांचा एक मोठा आकडा हाती येतो, तो फळ्यावर लिहिला जातो आणि इतके पाणी वाया जाते असा निष्कर्ष काढून तास संपतो. गुणाकार चुकीचा नसतो, पण वर्षभरात छपरावर पडणारे पाणी आणि गरजेच्या दिवशी नळाला येणारे पाणी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि त्यांच्यातील अंतर विद्यार्थ्यांना स्वतः मोजता आले नाही, तर मूळ प्रश्न शिकायचाच राहून जातो. म्हणून सातवी-आठवीच्या वर्गासाठी या पाठाची आखणी करताना प्रतिकृती, परिसराची पाहणी आणि छपराचे गणित ही तीन अंगे एकमेकांत गुंफावी लागतात आणि शेवट वार्षिक आकड्यावर न करता महिनावार जमाखर्चावर करावा लागतो.

उदाहरणादाखल सह्याद्रीच्या पूर्वेकडील पर्जन्यछायेच्या पट्ट्यातील, म्हणजे माण, खटाव, आटपाडी, जत अशा तालुक्यांच्या धर्तीची, दोन खोल्या आणि पुढे व्हरांडा असलेली पत्र्याची शाळा घ्यावी. या पट्ट्यात पाऊस कमी असतो, शिवाय त्याचा मोठा वाटा सप्टेंबरात येतो, आणि पाठाचा सारा भर याच वस्तुस्थितीवर आहे. पुढील आकडे हिशेब समजावा म्हणून धरलेले आहेत. प्रत्यक्ष शाळेने आपल्या महसूल मंडळाचे आकडे घ्यावेत, कारण कृषी विभाग मंडळनिहाय पर्जन्यमान जाहीर करतो आणि शेजारच्या दोन मंडळांतही पावसात लक्षणीय फरक पडू शकतो.

पाठाची सुरुवात प्रतिकृतीने करणे सोयीचे ठरते, मात्र ती दिखाऊ थर्माकोलच्या घराची नसावी. ५० सेंटीमीटर लांब आणि ४० सेंटीमीटर रुंद असा पत्र्याचा तुकडा उतरता ठेवावा, त्याच्या खालच्या कडेला उभा चिरलेला प्लास्टिक पाइप पन्हळीसारखा लावावा आणि त्याचे तोंड मापाच्या भांड्यात सोडावे. या तुकड्याचे क्षेत्रफळ ०.२ चौरस मीटर भरते. १ चौरस मीटरवर १ मिलिमीटर पाऊस पडला की बरोबर १ लिटर पाणी होते, म्हणून झारीने १ लिटर पाणी सावकाश शिंपडले की या पत्र्यावर ५ मिलिमीटर पाऊस पडला असे म्हणता येते. भांड्यात मात्र पूर्ण लिटर जमा होत नाही. काही पाणी पत्र्याला चिकटून राहते, काही उडते, काही सांध्यांतून गळते. जमा झालेल्या आणि पडलेल्या पाण्याच्या या गुणोत्तराला अपवाह गुणांक म्हणतात. तोच प्रयोग मंगलोरी कौलावर, गोणपाटावर आणि माती भरलेल्या ताटावर केला की पृष्ठभागागणिक गुणांक कसा उतरतो ते विद्यार्थ्यांना आकड्यांत दिसते.

प्रयोग येथे थांबवू नये. पहिला लिटर टाकल्यानंतर पृष्ठभाग न पुसता लगेच दुसरा आणि तिसरा लिटर टाकावा आणि प्रत्येक वेळी जमा झालेले पाणी वेगळे नोंदवावे. कोरडे कौल पहिल्या लिटरातील बरेच पाणी पिते, दुसऱ्यात कमी आणि तिसऱ्यात त्याहून कमी. पत्र्यावरही पहिल्या वेळचे नुकसान सर्वांत जास्त असते. यावरून एक बाब स्पष्ट होते, जी पाठ्यपुस्तकी सूत्रातून कधीच कळत नाही : गुणांक हा छपराचा कायमचा गुणधर्म नसून काही अंशी तो पावसाच्या सरीवरही अवलंबून असतो, म्हणून उन्हाने तापलेल्या पत्र्यावरील २ मिलिमीटरची रिमझिम टाकीत जवळजवळ काहीच आणत नाही, तर दिवसभराची संततधार बहुतेक सारे पाणी आणते. पत्र्याच्या छपरासाठी वर्षभराची सरासरी म्हणून ०.८५ हा गुणांक धरणे वाजवी आहे, पण तो सरासरी आहे याची जाणीव ठेवूनच वापरावा.

प्रतिकृतीला एक मर्यादा आहे आणि ती लपवू नये. झारीचे सर्व पाणी पत्र्यावरच पडत असल्याने उतार कितीही वाढवला तरी पाणी तितकेच मिळते, आणि त्यामुळे तिरक्या पत्र्याची लांबी मोजली तरी चालेल असा समज होतो. प्रत्यक्षात सरळ पडणारा पाऊस छपराच्या तिरक्या लांबीवर नव्हे, तर छपराने जमिनीवर झाकलेल्या जागेवर मोजला जातो. या झाकलेल्या जागेला आडवे क्षेत्रफळ म्हणावे. हा समज दूर करण्यासाठी वर्गाला बाहेर न्यावे लागते.

परिसराच्या पाहणीतील पहिले काम म्हणजे पागोळ्यांची रेघ शोधणे. पन्हळ नसलेल्या छपराच्या कडेवरून वर्षानुवर्षे पडणाऱ्या पाण्याने जमिनीत खळग्यांची एक सरळ ओळ उमटलेली असते, आणि ती ओळच आडव्या क्षेत्रफळाची सीमा असते. जेथे फरशी किंवा काँक्रीट असल्याने ती दिसत नाही, तेथे गवंड्याचा ओळंबा छपराच्या कडेपासून खाली सोडून खूण करावी. मोजणी जमिनीवरूनच होत असल्याने कोणाही मुलाला छपरावर चढावे लागत नाही, आणि चढू देऊही नये, कारण जुने पत्रे वजनाने फुटतात. उदाहरणातील शाळेत खोल्या आणि व्हरांड्याची जागा १२ मीटर बाय ७ मीटर, म्हणजे ८४ चौरस मीटर आहे. परंतु छप्पर चारही बाजूंनी अर्धा मीटर बाहेर आलेले असल्याने पागोळ्यांच्या रेघांमधील जागा १३ मीटर बाय ८ मीटर, म्हणजे १०४ चौरस मीटर भरते. खोलीच्या मापावर विसंबणाऱ्या वर्गाचा हिशेब येथेच जवळपास पंचमांशाने कमी पडतो.

पाहणीचे दुसरे काम पन्हळीचे आहे, आणि शाळांमधील बहुतेक योजना जेथे बिघडतात ती जागा हीच. पन्हळीला दर मीटरला साधारण १ सेंटीमीटर उतार हवा, म्हणजे १३ मीटरच्या कडेला एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत १३ सेंटीमीटर. तो डोळ्यांच्या अंदाजाने नव्हे, तर पाणी भरलेल्या पारदर्शक लेव्हल पाइपने तपासावा. पन्हळीचा आकार सरासरी पावसावर नाही, तर जोराच्या सरीवर ठरतो. पाव तासात २० मिलिमीटर पाऊस झाला, तर छपराच्या एका बाजूच्या ५२ चौरस मीटरांवरून सुमारे ८८४ लिटर, म्हणजे सेकंदाला जवळपास १ लिटर पाणी येते, आणि अरुंद किंवा पालापाचोळ्याने तुंबलेल्या पन्हळीवरून ते सरळ जमिनीवर सांडते. छपरावर झुकलेल्या फांद्या, मधेच तुटलेले सांधे आणि पन्हळीखालच्या भिंतीवरील ओलाव्याचे डाग यांची नोंद नकाशावर करावी. शक्य झाल्यास दुसरी पाहणी पाऊस पडत असतानाच छत्री घेऊन करावी, कारण पाणी नेमके कोठे सुटते हे तेव्हाच दिसते.

आता गणिताकडे वळता येते. १०४ ला ०.८५ ने गुणले की दर मिलिमीटर पावसामागे ८८.४ लिटर मिळतात. जूनमध्ये ९०, जुलैत ८०, ऑगस्टमध्ये ९०, सप्टेंबरात १५० आणि ऑक्टोबरात ८० मिलिमीटर असा ४९० मिलिमीटर पाऊस धरला, तर छपरावरून ४३,३१६ लिटर पाणी येते. शाळेत ६० मुले आहेत आणि हात धुणे व स्वच्छतागृहे यांसाठी प्रत्येकी रोज ५ लिटर असा ३०० लिटरांचा खर्च आहे असे मानले, तर हे पाणी १४४ दिवस पुरेल असे भागाकार सांगतो. पाठ साधारणपणे येथेच संपतो, आणि नेमके येथेच संपवू नये.

शाळेजवळ ५,००० लिटरची टाकी आहे असे धरून वर्गाने जमा, खर्च, शिल्लक आणि सांडवा अशा चार रकान्यांचा तक्ता करावा. सांडवा म्हणजे टाकी भरल्यावर वाहून जाणारे पाणी. जूनमध्ये ७,९५६ लिटर जमा होतात आणि शाळेच्या १२ दिवसांचे ३,६०० लिटर खर्च होऊन ४,३५६ उरतात. जुलैत ७,०७२ जमा होतात, पण २५ दिवसांचा खर्च ७,५०० असल्याने शिल्लक ३,९२८ वर येते. ऑगस्टमध्ये २२ दिवसांचा खर्च वजा जाता टाकी भरून २८४ लिटर सांडतात, सप्टेंबरात १३,२६० लिटर आले तरी २४ दिवसांच्या खर्चानंतर ६,०६० लिटर वाहून जातात आणि ऑक्टोबरात, सुट्टीमुळे १५च दिवस शाळा असताना, आणखी २,५७२ लिटर जातात. पाऊस संपल्यावर हाती उरते ती ५,००० लिटरची भरलेली टाकी, जी शाळेच्या जेमतेम १६ दिवसांत रिकामी होते. फेब्रुवारी ते एप्रिल या खऱ्या टंचाईच्या महिन्यांत तिच्यात थेंबही नसतो.

यापुढचा प्रश्न विद्यार्थ्यांनीच विचारलेला बरा : टाकी मोठी केली तर? १०,००० लिटरच्या टाकीने पाणी सुमारे ३३ दिवस पुरते. १५,००० लिटरच्या टाकीत काहीच सांडत नाही, ऑक्टोबरअखेर १३,९१६ लिटर शिल्लक राहतात आणि ते ४६ दिवस चालतात. परंतु २०,००० किंवा ५०,००० लिटरची टाकी बांधली तरी दिवस ४६च राहतात, कारण खर्च वजा जाता छपराकडे याहून जास्त पाणी उरतच नाही. लहान टाकी असताना साठवण ही मर्यादा असते आणि मोठी टाकी असताना छप्पर ही मर्यादा होते. कोणत्या आकड्याला एक मर्यादा संपून दुसरी सुरू होते ते शोधणे हेच या पाठाचे खरे गणित आहे.

महिनावार तक्ताही सारे सांगत नाही. एकाच दिवशी ६० मिलिमीटर पाऊस झाला, तर ५,३०४ लिटर येतात, म्हणजे रिकामी असलेली लहान टाकीही एका दिवसात भरून वाहते, आणि ती अर्धी भरलेली असेल तर निम्म्याहून अधिक पाणी जाते. त्यामुळे प्रत्यक्ष सांडवा तक्त्यापेक्षा जास्तच असतो. शिवाय प्रत्येक कोरड्या खंडानंतरच्या पहिल्या सरीतील १ मिलिमीटर पाणी, म्हणजे या छपरासाठी सुमारे १०० लिटर, धूळ आणि पक्ष्यांची विष्ठा धुऊन आणते म्हणून ते टाकीत न घेता बाहेर सोडावे लागते. म्हणून शाळेने पावसाळाभर रोज सकाळी साडेआठला, हवामान खात्याच्या प्रथेप्रमाणे, सरळ भिंतीच्या भांड्यातील पाऊस मोजून नोंदवावा आणि त्या नोंदींवर हाच तक्ता दिवसागणिक पुन्हा करावा.

सांडव्याचे पाणी जमिनीत मुरवण्याचा विचार पाहणीच्या शेवटी येतो. ३० सेंटीमीटर लांब, रुंद आणि खोल खड्डा पाण्याने भरून जिरू द्यावा, पुन्हा भरावा आणि दुसऱ्या वेळी तासाभरात पातळी किती उतरते ते मोजावे. मुरमात ती भराभर उतरते, तर फुगणाऱ्या काळ्या मातीत फारशी हलत नाही आणि तेथे शोषखड्डा खणणे निरुपयोगी ठरते. स्वच्छतागृहाच्या शोषखड्ड्याजवळ किंवा न गाळता थेट कूपनलिकेत पाणी सोडणे तर पूर्णपणे टाळावे.

या पाहणीचा नकाशा आणि तक्ता वर्गाने शाळा व्यवस्थापन समितीपुढे मांडावा. उदाहरणातील छपरासाठी १४,००० लिटरहून मोठ्या टाकीची मागणी समितीने मान्य करू नये, आणि त्यातून वाचलेला पैसा रुंद पन्हळी, पहिले पाणी सोडण्याचा नळ आणि मे महिन्यात होणारी पन्हळींची साफसफाई यांवर खर्च करावा.