तीन सेकंदांचा घुमारा आणि दोन मायक्रोफोन

गोव्यातल्या एखाद्या जुन्या चर्चमध्ये कॉयर ऐकलेला माणूस भारावून बाहेर पडतो आणि घरी येऊन फोनवरचं रेकॉर्डिंग लावतो तेव्हा हिरमुसतो. बाकावर बसून ऐकताना सोप्रानो कुठे, बेस कुठे ते कळत होतं, शब्दही बऱ्यापैकी लागत होते. रेकॉर्डिंगमध्ये मात्र सगळे विहिरीच्या तळाशी उभे राहून गात असल्यासारखे वाटतात. दोष फोनला दिला जातो, पण त्याच जागी लाखाचा मायक्रोफोन ठेवला असता तरी ऐकणाऱ्याचा हिरमोड फारसा टळला नसता.

खरी गोष्ट अशी की माणूस दोन कानांनी ऐकतो. दोन्ही कानांवर आवाज किंचित वेगवेगळ्या वेळी पोचतो, आणि त्यावरून मेंदू समोरून येणारा थेट आवाज उचलून धरतो आणि भिंतींवरून परतणारा मागे सारतो. मायक्रोफोनला ही निवड करता येत नाही. त्याच्यापर्यंत जे पोचलं ते सगळं तो सारख्याच इमानाने पुढे देतो. म्हणून मायक्रोफोन कुठे ठेवायचा हे शोधताना जाणते रेकॉर्डिस्ट एक साधी युक्ती करतात: एक कान बोटाने बंद करून कॉयरच्या समोर पुढे-मागे चालतात. एक कान मिटला की मेंदूची गाळणी ढिली पडते आणि हॉल एकदम जास्त घुमू लागतो. मायक्रोफोनला तो साधारण तसाच ऐकू येतो. चालता चालता जिथे व्यंजनं स्पष्ट होतात आणि तरीही घुमारा पाठीशी राहतो, तिथून शोध सुरू करायचा.

हे ठिकाण कानाला सापडतं, तसं आकड्यांतही बऱ्यापैकी पकडता येतं. समजा, चर्च 30 मीटर लांब, 12 मीटर रुंद आणि 10 मीटर उंच आहे. जांभ्याच्या जाड भिंती, चुन्याचा गिलावा, दगडी फरशी, बाकं रिकामी. फुगा फोडला आणि आवाज 60 डेसिबलने खाली यायला 3 सेकंद लागले. कॉयरपासून दूर जाऊ लागलो की थेट आवाज पटापट कमी होतो, अंतर दुप्पट झालं की 6 डेसिबल. घुमारा मात्र सगळ्या चर्चमध्ये जवळजवळ सारखाच भरून असतो. म्हणजे कुठेतरी अशी जागा येणारच जिथे दोघे बरोबरीला येतात. हॉलचं घनफळ भागिले घुमाऱ्याचे सेकंद, त्याचं वर्गमूळ, आणि त्याला 0.057 ने गुणायचं. आपल्या चर्चचं घनफळ 3600 घनमीटर, भागिले 3 म्हणजे 1200. वर्गमूळ साधारण 35, आणि उत्तर जेमतेम 2 मीटर. गायकाचा आवाज मागच्यापेक्षा समोर जास्त जातो, त्यामुळे प्रत्यक्षात ही हद्द थोडी पुढे सरकते. तरीही दहाव्या बाकावरचा फोन घुमाऱ्यातच बुडालेला असणार, हे या हिशेबावरून उघड आहे.

आता मायक्रोफोनच्या निवडीला अर्थ येतो. वरचा हिशेब ओम्नीचा, म्हणजे चहूबाजूंनी सारखंच ऐकणाऱ्या मायक्रोफोनचा. कार्डिऑइड समोरचं पूर्ण ऐकतो, बाजूचं कमी, पाठीमागचं जवळजवळ नाहीच. त्यामुळे त्याच्यापर्यंत घुमारा कमी पोचतो, आणि ओम्नीच्या 1.7 पट अंतरावर ठेवला तरी थेट आवाज आणि घुमारा यांचं तेच प्रमाण मिळतं. 2 मीटरचे 3.4 मीटर झाले. हायपरकार्डिऑइड दुपटीपर्यंत नेतो. म्हणजे मायक्रोफोनचा प्रकार निवडणं हे बरंचसं अंतर निवडण्याचंच काम आहे. यात एक किंमत मोजावी लागते. समोरचंच ऐकणारे मायक्रोफोन दुरून खर्जाचे सूर जरा बारीक करतात, आणि बाजूने येणारा आवाज त्यांच्यात थोडा रंग बदलून उतरतो. घुमणाऱ्या हॉलमध्ये बहुतेक आवाज बाजूनेच येत असतो, म्हणून स्वस्त कार्डिऑइडचा घुमारा गढूळ वाटतो. चांगल्या ओम्नीत बेसचा सूर पायथ्यापर्यंत भरदार येतो. ज्यांचा हॉल दीड-दोन सेकंदांचा आहे त्यांनी बेधडक ओम्नीची जोडी लावावी. 3 सेकंद आणि त्यापुढे मी कार्डिऑइडवर जातो. लहान डायफ्रामचे कंडेन्सर, दोन अगदी सारखे, आणि स्वतःची सळसळ कमी असलेले. कॉयर हळू गाऊ लागला की मायक्रोफोनची स्वतःची सळसळच आधी ऐकू येते.

या दोघांना एका आडव्या पट्टीवर 17 सेंटिमीटर अंतराने बसवायचं आणि तोंडं एकमेकांपासून 110 अंशांनी फाकवायची. फ्रेंच रेडिओच्या लोकांनी ही मांडणी रूढ केली, म्हणून तिला ओआरटीएफ म्हणतात. डावं-उजवं थोडं वेळेच्या फरकाने आणि थोडं आवाजाच्या फरकाने सांगितलं जातं, त्यामुळे हेडफोनवरही कॉयर समोर पसरलेला दिसतो. पाच मीटर रुंदीचा कॉयर दोन मीटरवरून या जोडीच्या कवेत जवळजवळ नेमका मावतो. जोडी फार मागे नेली तर कॉयर मधोमध गोळा होतो, आणि फार पुढे आणली तर टोकाचे गायक थेट स्पीकरलाच चिकटून बसतात.

उंचीकडे मात्र लोक फार कमी लक्ष देतात, आणि तिथेच निम्मं रेकॉर्डिंग बिघडतं. चोवीस गायक, आठ-आठच्या तीन रांगा, मागच्या दोन पायऱ्यांवर उभ्या आहेत असं धरा. मायक्रोफोन पहिल्या रांगेच्या डोक्याइतका उंच आणि 2 मीटर पुढे ठेवला, तर शेवटची रांग दुप्पट अंतरावर जाते आणि पुढच्यांपेक्षा 6 डेसिबल मंद ऐकू येते. टेनर आणि बेस मागे उभे असतील तर कॉयरचा पायाच खचतो. तोच स्टँड 3.3 मीटर उंच केला की पहिली रांग अडीच मीटरच्या किंचित पुढे आणि शेवटची सव्वाचार मीटरच्या आत येते, आणि फरक 4 डेसिबलपर्यंत उतरतो. तोंड मागच्या रांगेकडे वळवून हे साधेल असं अनेकांना वाटतं. पण कार्डिऑइडमध्ये पंचवीस अंश वळवून पुढच्या रांगेचा आवाज अर्ध्या डेसिबलनेही घटत नाही. तोंड मागच्या रांगेकडे ठेवावंच, कारण त्यांची तीव्र व्यंजनं नीट मिळतात. समतोल मात्र उंचीच साधते. उंच स्टँड पसरट पायांचा हवा आणि पायांवर वाळूची पिशवी हवी. लहान मुलं धावणाऱ्या सभागृहात हे सांगायला लागू नये.

कार्यक्रमाच्या आधी कुणीतरी हमखास म्हणतं, प्रत्येक गटासमोर एकेक मायक्रोफोन लावू या, मग मिक्सिंगमध्ये बघू. लावून पाहा. मायक्रोफोन एका बाईपासून 60 सेंटिमीटरवर आणि शेजारणीपासून दीड मीटरवर असेल, तर पहिलीचा आवाज 8 डेसिबल पुढे उसळतो. तिचा श्वास, तिचा कंप, तिने जरा आधी सोडलेला सूर हे सगळं पुढे येतं, आणि आठजणींचा आवाज एक होण्यासाठी जी हवा लागते ती मध्ये उरत नाही. शिवाय एकच आवाज चार मायक्रोफोनांत वेगवेगळ्या वेळी पोचला की मिसळताना काही कंप एकमेकांना खाऊन टाकतात आणि कॉयर पोकळ वाटू लागतो. हे ओळखायचं तर डावा-उजवा एकत्र करून मोनोत ऐकावं. आवाज अचानक पातळ झाला तर मायक्रोफोन जास्त झाले आहेत. मोठा कॉयर किंवा ऑर्केस्ट्रा असेल तर जवळचे मायक्रोफोन लागतातच, पण चोवीस जणांना ते नकोत.

मला आणखी दोन लागतात, ते उलट दिशेने. कॉयरपासून सात-आठ मीटर मागे दोन ओम्नी, एकमेकांपासून दोनेक मीटर, वेगळ्या ट्रॅकवर. तिथे घुमाराच जास्त, म्हणून मुख्य जोडी जरा कोरडीच ठेवता येते. मिसळताना हे दोन मुख्य जोडीच्या 8 ते 10 डेसिबल खाली ठेवले की चर्चची खोली आणि खर्जाचा भरणा परत येतो. मुख्य जोडीत एकदा उतरलेला घुमारा पुसायला भरवशाचा उपाय नाही, वाढवणं मात्र हातात राहतं. म्हणून संशय आला की स्टँड कॉयरकडे सरकवावा, मागे नव्हे. सरकवतानाही एकावेळी 30 सेंटिमीटर, आणि प्रत्येक वेळी त्याच गाण्याचा शब्दांनी भरलेला, जोराचा मिनिटभराचा तुकडा, बंद हेडफोनवर.

तालमीत जमलेली जागा कार्यक्रमात थोडी चुकते, आणि तिचं कारण माणसं. वॉलेस सॅबिन या हार्वर्डच्या प्राध्यापकाने 1895 च्या सुमारास हे मोजलं होतं. एका व्याख्यानगृहात शब्द इतके घुमत की काही कळेना. त्याने रात्री शेजारच्या नाट्यगृहातल्या गाद्या तिथे आणून टाकल्या आणि साडेपाच सेकंदांचा घुमारा एक-सव्वा सेकंदावर आला. भरलेली बाकं तेच काम करतात, आणि तीव्र सुरांवर जास्त करतात. म्हणून रिकाम्या चर्चमध्ये किंचित जास्त ओलं वाटलं तर घाबरू नये. उलट श्रोत्यांविना रेकॉर्डिंग असेल तर तीच जोडी अर्धा मीटर पुढे घ्यावी.

गोव्यात आणि कोकणात पावसाळ्यात एक वेगळाच प्रश्न येतो. दमट हवेत काही कंडेन्सर चटचट करू लागतात, आणि ती चटचट नेमकी शांत चरणात येते. मायक्रोफोन सिलिका जेलच्या डब्यात ठेवावेत आणि तासभर आधी वीज देऊन चालू ठेवावेत. पंखे बंद, खिडक्यांचा हिशेब आधी. बाहेरची स्कूटर 3 सेकंद घुमते हे विसरायचं नाही.

रेकॉर्डिंगच्या सत्रात एखादं चरण पुन्हा घ्यायचं असेल तर कॉयरमास्तरांना सांगावं की चुकलेल्या जागेपासून नाही, तिच्या एक ओळ आधीपासून गा. घुमाऱ्यात आधीच्या ओळीचा शेवट पुढच्या ओळीच्या सुरुवातीखाली तरंगत असतो. थेट चुकलेल्या जागेपासून गायलं तर तो खाली नसतो, आणि जोड कानाला लगेच लागतो. शेवटच्या सुरानंतरही कुणी पान उलटू नये, कॅसकचं बटण काढू नये. रेकॉर्डर आणखी दहा सेकंद चालू ठेवायचा आणि मगच हात वर करायचा.