'माझल तोव्ह' नेमकं कधी म्हणायचं?

नांदेड-लातूरकडे हा ज्यू लोकांचा शब्द सहसा सिनेमातूनच कानावर येतो. पण मराठी बोलणारे बेने इस्रायली ज्यू अलिबाग-पनवेलपासून पुण्यापर्यंत पिढ्यान् पिढ्या राहत आले आहेत.

हिब्रूत 'मझाल' म्हणजे मुळात नक्षत्र, पुढे नशीब. 'तोव्ह' म्हणजे चांगलं. थोडक्यात, ग्रह चांगले. 'माझल' हा उच्चार यिडिश वळणाचा.

वापर मात्र 'अभिनंदन'सारखा, म्हणजे गोष्ट घडल्यावर. ज्यू लग्नात नवरदेव पायाखाली पेला फोडतो आणि मांडवभर 'माझल तोव्ह'चा गजर होतो. बाळ जन्मलं, मुलगा तेराव्या वर्षी बार मिट्झवाह झाला, तरी हेच.

गरोदर बाईला मात्र हे म्हणत नाहीत. तिला म्हणतात 'बेशाआ तोवा', शुभ घडीला होवो.