टाकीआधी विहीर दाखवा

ग्रामसभेत पाण्याच्या टाकीचा प्रस्ताव हल्ली पडद्यावर दाखवतात. पहिल्याच स्लाइडवर निळ्या आभाळाखाली उंच टाकीचं चित्र असतं आणि टाळ्याही तिथेच पडतात. मागे बसलेल्या एखाद्या आजीचा प्रश्न मात्र राहून जातो: 'मे महिन्यात तिच्यात पाणी कुठनं येणार?'

सादरीकरणाची सुरुवात याच प्रश्नाने व्हायला हवी. टाकी पाणी साठवते, निर्माण करत नाही.

समजा, पंधरा वर्षांनी गावची लोकसंख्या 2,200 होईल. जलजीवन मिशनचा निकष माणशी रोज 55 लिटरचा. गळतीसाठी पंधरा टक्के धरले, तर रोज सुमारे 1 लाख 40 हजार लिटर पाणी लागेल. आता उद्भव पाहू. सहा मीटर व्यासाच्या विहिरीत एक मीटर पाणी म्हणजे सुमारे 28 हजार लिटर. मे अखेरीस उपसा करून थांबा आणि चोवीस तासांत पातळी किती चढते ते मोजा. दोनच मीटर चढली, तर ढोबळमानाने 56 हजार लिटर मिळाले. गरजेच्या निम्मेही नाहीत. मग दुसरा उद्भव किंवा विहिरीचं बळकटीकरण आधी, टाकी नंतर. पावसाळ्यानंतर घेतलेली चाचणी कितीही छान दिसली, तरी इथे उपयोगाची नाही.

पाणी पुरेसं निघालं, तर पुढचा प्रश्न उंचीचा. टाकीचा तळ जमिनीपासून 12 मीटर उंच आहे, पण वरची वाडी टाकीच्या जागेपेक्षा 8 मीटर चढावर आहे. म्हणजे वाडीसाठी दाब उरला 4 मीटरचा, आणि त्यातलाही काही पाइपातल्या घर्षणात जाणार. वाडीतले नळ कोरडे राहतील, दोष मात्र पाणी सोडणाऱ्याच्या माथी येईल. म्हणून नकाशावर प्रत्येक वस्तीची जमिनीची उंची लिहिलेली असावी.

जागेची स्लाइड छोटी असली तरी चालेल, पण तोंडी संमतीवर भागवू नका. जमीन खाजगी असेल, तर नोंदणीकृत बक्षीसपत्र करून सातबाऱ्यावर ग्रामपंचायतीचं नाव लागलं पाहिजे.

सगळ्यात टाळली जाते ती महिन्याच्या खर्चाची स्लाइड. एवढं पाणी एकूण 40 मीटर उचलायला पंपाला रोज साधारण 30 युनिट वीज लागते, म्हणजे महिन्याला 900. त्यात पंपचालकाचं मानधन, टीसीएल पावडर आणि दुरुस्ती मिळवा. बेरीज 15 हजार आली आणि घरं 400 असली, तर घरामागे महिन्याला 38 रुपये पडतात. तेही सगळ्यांनी भरले तर. लोकवर्गणी एकदाच द्यायची असते, पाणीपट्टी कायमची. हा आकडा सभेपुढे मोठ्याने वाचा आणि ठरावात पाणीपट्टीचा दरही लिहून घ्या.