सिंगल बारला लोंबकळताना पाठ काय करते?

तालमीत एक मुलगा सिंगल बारला लोंबकळतो आणि गुडघे न वाकवता पाय कमरेपर्यंत उचलतो. पहिल्यांदा जमतं. पाय खाली येताच अंग मागे जातं, मग पुढे, आणि तिसऱ्या खेपेला व्यायामाचा झोपाळा होतो. ‘पोटात ताकद नाही,’ असं बघणारे म्हणतात. पण पुष्कळदा कमी पडलेली असते ती पाठ.

जिममध्ये ज्याला ‘लॅट्स’ म्हणतात तो लॅटिसिमस डॉर्साय हा स्नायू पाठीच्या खालच्या अर्ध्या भागातून, कमरेच्या हाडाच्या वरच्या कडेवरून आणि शेवटच्या तीन-चार बरगड्यांवरून निघतो. काखेखालून पुढे येत तो दंडाच्या हाडाला समोरच्या बाजूने चिकटतो. म्हणजे दंड आणि कंबर यांना जोडणारा हा एक पट्टाच.

पाय पुढे गेले की शरीराचा भार दांड्याखाली राहावा म्हणून धड थोडं मागे जायला हवं. त्यासाठी डोक्यावर ताणलेला हात आणि धड यांच्यातला कोन जरा मिटतो. वर गेलेला हात समोरून खाली आणण्याची जी क्रिया, तीच ही; इथे हात जागेवर असतो आणि धड हलतं. कोपर कुठेही वाकत नाही, तरी लॅट्स जोरात काम करतात. म्हणून त्या मुलाला ‘हात सरळ ठेवून दांडा मांड्यांकडे दाब’ असं सांगितलं, की झोका बराच कमी होतो. पोट सैल सोडलं तर मात्र नुसत्या पाठीने भागत नाही.

स्नायू हाडाच्या समोर चिकटत असल्यामुळे आखडताना तो दंड आतल्या बाजूला फिरवतो. आंघोळीला स्वतःच्या पाठीला साबण लावताना हात मागे, आत आणि अंगालगत जातो. या तिन्ही हालचालींत लॅट्सचा वाटा असतो. वेगवान गोलंदाजाचा हात वरून खाली येताना दंड असाच आत फिरतो, आणि क्वचित याच स्नायूला दुखापत होते.

कमरेशी असलेल्या नात्याचा तोटाही आहे. लॅट्स आखडलेले असतील तर हात वर नेताना ते कमरेला खेचतात आणि पाठीला बाक येतो. हे घरी तपासता येतं. उताणं पडून गुडघे वाकवावेत, कंबर जमिनीला टेकवून ठेवावी आणि सरळ हात डोक्यामागे न्यावेत. हात जमिनीपर्यंत पोचत नाहीत, पण कमरेला बाक येऊ दिला की लगेच पोचतात, असं झालं तर संशय लॅट्सवर घ्यावा. खांद्याचा सांधाच आखडला असेल, तर बाक देऊनही हात फारसे पुढे सरकत नाहीत.

पाठीच्या कण्याला इजा होऊन कमरेखालचं अंग लुळं पडलेल्या माणसाला हाच पट्टा उपयोगी पडतो. या स्नायूची नस मानेतून निघते, त्यामुळे इजा छातीच्या पातळीवर किंवा त्याखाली असेल तर ती शाबूत असते. कुबड्यांवर हात रोवून तो खाली दाबतो, आणि पायांत बळ नसतानाही कंबर उचलली जाते.