शुगर ९९ आणि शुगर ५.५ : दोन्ही सेम टू सेम!

पुण्यात बाबांची उपाशीपोटीची शुगर ९९. टोरांटोत त्यांच्या लेकाची ५.५. सांगा बघू, कुणाची जास्त?

कुणाचीच नाही! दोघांच्या रक्तात साखर अगदी सारखी आहे. फरक आहे तो आकड्याशेजारी बारीक अक्षरांत छापलेल्या युनिटचा. आपल्याकडे तिथे mg/dL असतं, कॅनडात mmol/L. या चार-पाच अक्षरांमागे भलतीच मजा दडली आहे. चला तर, सुरू करू या!

माहीत आहे का? यातलं एक युनिट साखर तोलतं आणि दुसरं मोजतं. mg/dL म्हणजे एका डेसिलिटरमध्ये, अर्थात १०० मिलिलिटर रक्तात, किती मिलिग्रॅम ग्लुकोज आहे ते. हे झालं वजन. mmol/L म्हणजे एक लिटर रक्तात ग्लुकोजचे रेणू किती आहेत ते. ही झाली संख्या. बाजारात द्राक्षं किलोवर आणि केळी डझनावर मिळतात ना? तसंच!

फक्त रसायनशास्त्राचा डझन जरा दांडगा आहे. ६०,२२,१४,०७६ लिहा आणि पुढे आणखी १५ शून्यं द्या. एवढे रेणू म्हणजे एक मोल, आणि त्याचा हजारावा भाग म्हणजे मिलिमोल. २०१९ पासून ही संख्या व्याख्येनेच पक्की झाली आहे, शेवटच्या ६ पर्यंत.

अठरा का? कारण ग्लुकोज!

ग्लुकोजच्या एका रेणूत कार्बनचे ६, हायड्रोजनचे १२ आणि ऑक्सिजनचे ६ अणू असतात. त्यांची वजनं अनुक्रमे ७२, १२ आणि ९६. बेरीज १८०. म्हणून एक मिलिमोल ग्लुकोजचं वजन १८० मिलिग्रॅम भरतं. आता हे १८० मिलिग्रॅम एका लिटरमध्ये आहेत, आणि एका लिटरमध्ये दहा डेसिलिटर. १८० भागिले १०, उत्तर १८. झालं की!

म्हणजे mmol/L चा आकडा १८ ने गुणला की mg/dL मिळतं आणि mg/dL चा आकडा १८ ने भागला की mmol/L. काटेकोर गुणक १८.०१६ आहे, पण त्या शेपटाने घरच्या हिशेबात काहीच बिघडत नाही.

अठराचा पाढा आठवत नाही? नो टेन्शन! आकडा दुप्पट करा, दहाने गुणा आणि आलेल्या उत्तरातून दहा टक्के वजा करा. मीटर ८.४ दाखवतोय? दुप्पट १६.८, दहाने गुणून १६८, त्यातून साधारण १७ गेले, राहिले १५१. उलट जायचं असेल तर निम्मं करा आणि नऊने भागा. १५३ चे निम्मे ७६.५, भागिले ९, उत्तर ८.५.

आणि हे माहीत आहे का? ४ ते १० मिलिमोलपर्यंतचे पूर्ण आकडे मिलिग्रॅममध्ये येतात ७२, ९०, १०८, १२६, १४४, १६२ आणि १८०. प्रत्येकातल्या अंकांची बेरीज करून बघा. दर वेळी ९! पाढा चुकला की बरोबर आला, ते तपासायची फुकटची युक्ती.

या रांगेतला १२६ ओळखीचा वाटला ना? वाटणारच! उपाशीपोटी १२६ किंवा त्याहून जास्त हा डायबेटिसच्या निदानाचा आकडा आहे, आणि mmol/L वाल्यांसाठी तो नेमका ७.०. दुसरी रेषा २०० ची, म्हणजे ग्लुकोज पाजून दोन तासांनी केलेल्या तपासणीची. तिकडे ती होते ११.१. आपला गोल आकडा तिकडे अवघडलेला, त्यांचा गोल आकडा इकडे अवघडलेला. फिट्टंफाट!

एक देश, दोन शुगर

भारत, अमेरिका आणि जपान mg/dL वाले. ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि चीन mmol/L वाले. म्हणजे अमेरिकेच्या डेट्रॉइटमधून नदीपलीकडे कॅनडाच्या विंडसरला गेलात की शुगर १८ पटींनी उतरते, तीही गोळी न घेता!

जर्मनीत तर कमालच. पश्चिमेकडे प्रामुख्याने mg/dL चालतं आणि पूर्वीच्या पूर्व जर्मनीत mmol/L. भिंत १९८९ मध्ये पडली, युनिटची सीमा मात्र अजून पुसलेली नाही. फ्रान्सची तर तऱ्हाच निराळी. तिथले लॅब रिपोर्ट ग्रॅम प्रति लिटरमध्येही असतात, म्हणजे आपले ९९ तिथे ०.९९.

जागतिक आरोग्य संघटनेच्या सभेने १९७७ मध्येच वैद्यकशास्त्राला मोलवाल्या एसआय पद्धतीची शिफारस केली होती. काही देशांनी ती उचलली, काही जुन्यावरच राहिले. आणि आपला भारत? आपलाच लॅब रिपोर्ट काढा आणि नीट बघा. शुगर mg/dL मध्ये, आणि त्याच कागदावर खाली सोडियम बहुधा १४० च्या आसपास, mmol/L मध्ये. एकाच पानावर तोलणंही आणि मोजणंही!

टिंब गायब, खेळ खलास

आता जरा सावरून बसा, कारण इथे गंमत संपते.

नाशिकच्या एक काकू मेलबर्नला मुलीकडे गेल्या आहेत, असं समजा. तिथून घेतलेला मीटर ११.५ दाखवतो. काकू फोनवर काकांना सांगतात आणि काका वहीत लिहितात ११५. वा, शुगर छान! पण ११.५ गुणिले १८ म्हणजे २०७. टिंब एकच हरवलं आणि वाढलेली शुगर नॉर्मल होऊन बसली. सगळ्यात फसवी चूक हीच, कारण ११५ बघून कुणाच्याही कपाळाला आठी पडत नाही.

उलटी चूकही तितकीच खरी. ५.६ चा ५६ झाला, तर १०१ शुगर असलेल्या माणसाच्या तोंडात घरचे साखर कोंबायला धावतील.

सगळ्यात वाईट आकडा कोणता, माहीत आहे का? पंचवीस! बहुतेक मीटर साधारण २० ते ६०० mg/dL एवढं वाचतात. mmol/L मध्ये तोच पट्टा १.१ ते ३३.३ असा होतो. म्हणजे २० ते ३३ हे आकडे दोन्हीकडे येऊ शकतात. फोनवर नुसतं “पंचवीस आलीय” ऐकलंत, तर अर्थ काय घ्याल? २५ mg/dL असेल तर शुगर जीवघेणी खाली गेली आहे, पेशंटला ताबडतोब ग्लुकोज हवं. २५ mmol/L असेल तर ती ४५० वर चढली आहे, आणि तिथे साखर देणं म्हणजे आगीत तेल. आकडा एक, उपाय अगदी उलटे!

मग ओळखायचं कसं? टिंब शोधा. mmol/L चा मीटर दशांश चिन्ह आवर्जून दाखवतो, अगदी पूर्ण आकडा असला तरी २५.० असा. mg/dL चा मीटर टिंब देत नाही. आणि आकडा सांगताना युनिट बोला, लिहिताना युनिट लिहा. व्हॉट्सॲपवर आकडा टाइप करण्यापेक्षा स्क्रीनचा फोटो पाठवा, टिंबही दिसतं आणि युनिटही.

“पण माझा मीटर तर तोच जुना आहे!” असं म्हणताय? २००५ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने काही ग्लुकोमीटरबद्दल इशारा दिला होता. तारीख-वेळ सेट करताना किंवा मीटर हातातून पडल्यावर युनिट आपोआप बदलत होतं, आणि वापरणाऱ्याला पत्ताच नसायचा. आता अनेक मीटर कारखान्यातूनच एका युनिटवर लॉक होऊन येतात. त्यामुळे लंडनहून भाच्याने प्रेमाने आणलेला मीटर इथे सेटिंगमधून mg/dL वर नेता येईलच असं नाही. तो मेन्यू शोधण्यात रात्र घालवू नका. आल्या-आल्या युनिट बघा आणि मीटरवर ठळक चिठ्ठी डकवा, “गुणिले १८”.

कोलेस्टेरॉलला १८ लावाल तर फसाल!

१८ हा गुणक फक्त ग्लुकोजचा. कोलेस्टेरॉलचा रेणू त्याच्या दुपटीहून जड, म्हणून तिथे गुणक ३८.६७. रिपोर्टमध्ये ५.२ हा आकडा शुगरचा असेल तर ती ९४, आणि कोलेस्टेरॉलचा असेल तर ते २०१. एक निवांत, दुसरा सीमारेषेवर.

ट्रायग्लिसराइडची तर वेगळीच भानगड. ते एकाच प्रकारच्या रेणूंचं नसतं, त्यात लहान-मोठ्या चरबीरेणूंची सरमिसळ असते. मग वजन कुणाचं धरायचं? सरासरी धरून गुणक ठरवला ८८.५ च्या आसपास. तिथे १५० होतात १.७.

आणि HbA1c? तिथे गुणाकार चालतच नाही. आपण टक्क्यांत सांगतो, ब्रिटनमध्ये mmol/mol मध्ये सांगतात. टक्क्यांतून २.१५ वजा करा आणि १०.९३ ने गुणा. ७ टक्क्यांचे झाले ५३. हा ५३ म्हणजे ५३ mg/dL शुगर नव्हे, बरं का! तो तीन महिन्यांच्या हिमोग्लोबिनचा हिशेब आहे, आत्ताच्या साखरेचा नाही.

जाता जाता एक पैज

तुमच्या सगळ्या रक्तात मिळून किती साखर असते, माहीत आहे का? पावशेर? एक वाटी? लावा पैज!

दोन्ही युनिटांनी काढू. अंगात ढोबळमानाने ५ लिटर रक्त, म्हणजे ५० डेसिलिटर. शुगर ९० mg/dL असेल तर ९० गुणिले ५०, म्हणजे ४,५०० मिलिग्रॅम. साडेचार ग्रॅम, फक्त! आता दुसऱ्या वाटेने. तीच शुगर ५ mmol/L, गुणिले ५ लिटर, २५ मिलिमोल. प्रत्येकी १८० मिलिग्रॅम, म्हणजे पुन्हा ४,५०० च. तोला नाहीतर मोजा, माल तेवढाच भरतो: जेमतेम एक चमचा.

आणि निदानाची ती २०० ची रेषा? त्याच हिशेबाने १० ग्रॅम. दोन चमचे!