बंगळुरूत बोलायला सुरुवात

बंगळुरूला बदली झाली की पहिलं वाक्य हे पाठ करावं: ‘ननगे स्वल्प कन्नड बरुत्ते.’ म्हणजे ‘मला थोडं कन्नड येतं’. ‘स्वल्प’ आपल्या ओळखीचा, आणि ‘बरु’ म्हणजे येणं. भाषा ‘येते’ असं तिथेही म्हणतात.

हीच रचना पुढे कामाला येते. ‘ननगे’ म्हणजे मला, ‘बेकु’ म्हणजे हवं. हवा-हवी-हवं असा लिंगभेद नाही, हा मोठाच दिलासा. ‘ननगे सहाय बेकु’ म्हणजे मला मदत हवी. ‘इदे’ म्हणजे आहे, ‘इल्ला’ म्हणजे नाही. नळाला पाणी आलं नाही तर घरमालकांना सांगा: ‘सर, नीरिन समस्ये इदे.’ समस्या, भाषा, परीक्षा यांच्या शेवटचा ‘आ’ कन्नडमध्ये बहुधा ‘ए’ होतो: समस्ये, भाषे, परीक्षे. ‘समय’, ‘सहाय’ यांचा शेवटचा ‘अ’ मात्र पूर्ण उच्चारायचा. तो गिळला की ऐकणारा अडखळतो.

फसगत होते ती अर्थाची. ‘अवसर’ म्हणजे घाई, संधी नव्हे. संधीला ‘अवकाश’ म्हणतात. ‘अनुमान’ म्हणजे बहुतेक वेळा संशय. समोरचा भरभर बोलू लागला तर ‘निधानवागि माताडि’ म्हणा, सावकाश बोला. इथे ‘निधान’चा ठेव्याशी संबंध नाही.

संस्कृत शब्दांची ही शिदोरी बँकेत, शाळेत, दवाखान्यात पुरते. जेवण, घर, जाणं-येणं, आकडे यांचे शब्द द्राविडी: ऊट, मने, होगु, ओंदु, एरडु. ते वेगळे पाठच करावे लागतात, आणि भाजीवाल्याकडे आधी तेच लागतात.