डोळ्याच्या जनुकाचे पाच वेश

माणसाच्या अकराव्या गुणसूत्रावर *PAX6* हे जनुक आहे. त्याच्या दोन प्रतींपैकी एक जरी बिघडली, तरी डोळ्याच्या बाहुलीभोवतीचा रंगीत पडदा अर्धवट बनतो किंवा बनतच नाही. या विकाराला अ‍ॅनिरिडिया म्हणतात. हेच जनुक थोड्याफार फरकाने उंदीर, झेब्राफिश, फळमाशी आणि सूत्रकृमी यांच्यातही सापडते. मात्र प्रत्येकाच्या अभ्यासकांनी ते लिहिण्याची आपापली रीत ठरवली आहे. त्यामुळे अहवालात नावाचे स्पेलिंग बरोबर असून भागत नाही. अक्षरे कॅपिटल आहेत की स्मॉल, ठसा तिरपा आहे की सरळ आणि नावाच्या डोक्यावर बारीक अक्षरांत काय लिहिले आहे, या खुणाही तितक्याच बोलक्या असतात.

यातली एक रीत जवळपास सगळीकडे सारखी आहे. जनुक तिरप्या ठशात लिहितात आणि त्यापासून बनणारे प्रथिन सरळ ठशात. जनुकावरून उतरवलेला आरएनएसुद्धा तिरपाच असतो, कारण तो जनुकाचीच नक्कल. माणसात *PAX6* हे जनुक आणि PAX6 हे प्रथिन; दोन्हींत सगळी अक्षरे कॅपिटल. उंदराच्या जनुकात पहिलेच अक्षर कॅपिटल, म्हणजे *Pax6*, पण प्रथिन पुन्हा PAX6. झेब्राफिशचे जनुक पूर्ण स्मॉल अक्षरांत आणि प्रथिनाचे पहिले अक्षर कॅपिटल. या माशाकडे या जनुकाच्या दोन आवृत्त्या असल्याने *pax6a* आणि *pax6b* अशी दोन नावे होतात. त्यांची प्रथिने Pax6a आणि Pax6b.

तोटा प्रथिनांपाशी होतो. PAX6 हे अक्षर न अक्षर माणसाचे आणि उंदराचेही प्रथिन असते. मानवी जनुक उंदराच्या पेशीत घालण्याच्या प्रयोगात जनुके *PAX6* आणि *Pax6* अशी वेगळी दिसतील, पण प्रथिने दिसणार नाहीत. तिथे चिन्हावर विसंबण्यात अर्थ नाही. ‘मानवी PAX6’, ‘उंदराचे PAX6’ असे शब्दांतच लिहावे लागते.

उंदराच्या अहवालातले एक उदाहरण पाहू. ‘स्मॉल आय’ नावाच्या उंदरांचे डोळे नेहमीपेक्षा लहान असतात. याचे कारण *Pax6* मधला बिघाड आहे, हे 1991 मध्ये दाखवले गेले. जनुकाच्या अशा एखाद्या विशिष्ट रूपाला अ‍ॅलील म्हणतात आणि उंदराच्या लिखाणात त्याचे चिन्ह जनुकाच्या नावाच्या डोक्यावर जाते: *Pax6<sup>Sey</sup>*. *Sey* मधला कॅपिटल S उगाच आलेला नाही. एकच बिघडलेली प्रत असली तरी परिणाम दिसतो, म्हणून तो कॅपिटल. मूळ बिघाड अप्रभावी असता, तर चिन्ह स्मॉल अक्षराने सुरू झाले असते. निरोगी प्रतीसाठी + हे चिन्ह वापरतात. म्हणजे एक निरोगी आणि एक बिघडलेली प्रत असलेला उंदीर *Pax6<sup>Sey/+</sup>*. अशा नर-मादीच्या पिलांपैकी सरासरी एक चतुर्थांश *Pax6<sup>Sey/Sey</sup>* असतात. त्यांना डोळे आणि नाक नसते आणि ती जन्मताच मरतात.

आता समजा, या उंदरांवरच्या अहवालात सरळ ठशात लिहिले आहे, ‘Pax6 तयार होत आहे.’ हे वाक्य वाचकाला कुठेच नेत नाही. जनुक म्हणावे तर ठसा तिरपा हवा होता, प्रथिन म्हणावे तर सगळी अक्षरे कॅपिटल हवी होती. बेडकावर काम करणारा वाचक त्याला बेडकाचे प्रथिन समजेल, कारण बेडकात तीच रीत आहे. घोळ ठशापुरता राहत नाही. *Sey* मधल्या एका अक्षराच्या बदलामुळे प्रथिनाची जोडणी मध्येच थांबते. आरएनए बनूनही पूर्ण प्रथिन मिळत नाही. आरएनए मोजला असेल तर *Pax6* आणि प्रतिपिंडाने प्रथिन शोधले असेल तर PAX6, एवढा भेद केला नाही, तर नेमके काय मोजले हेच अहवालातून नाहीसे होते.

माणसात मात्र बिघाड डोक्यावर लिहीत नाहीत, त्याचा पत्ता देतात. अ‍ॅनिरिडियाच्या रुग्णांत वारंवार आढळणारा एक बदल `c.718C>T` असा लिहितात: प्रथिनाचा मजकूर असलेल्या भागातल्या 718व्या जागी C ऐवजी T आले. त्याचा प्रथिनावरचा परिणाम `p.Arg240Ter` असा. 240व्या जागी आर्जिनिन यायचे, तिथे थांबण्याची खूण आली.

फळमाशीकडे वळले की सवयीचे सगळे मोडते. तिच्यात हे जनुक *eyeless*, थोडक्यात *ey*. मिल्ड्रेड होग यांनी 1915 मध्ये या बिघाडाचे वर्णन केले, तेव्हा जनुक म्हणजे काय पदार्थ हेही ठाऊक नव्हते. ते बिघडले की डोळे जातात, म्हणून ‘नेत्रहीन’ असे नाव पडले. डोळे घडवणाऱ्या जनुकाला याहून उलटे नाव सापडणे कठीण. ते उंदराच्या *Pax6* चेच भावंड आहे, हे बाझेलमधल्या वाल्टर गेरिंग यांच्या प्रयोगशाळेने 1994 मध्ये दाखवले. स्मॉल e मात्र प्राण्याची खूण नाही. पहिला बिघाड अप्रभावी होता, एवढेच ते सांगते. पुढे *ey<sup>D</sup>* हे प्रभावी अ‍ॅलील सापडले, तरी जनुकाचे e स्मॉलच राहिले. प्रथिन सरळ ठशात, Ey.

सूत्रकृमीला डोळेच नसतात. त्याच्यातले हे जनुक बिघडले की डोक्याचा आकार वेडावाकडा होतो, म्हणून *vab-3*: तीन अक्षरे, जोडरेघ, अंक. प्रथिन VAB-3. अ‍ॅलील इथे डोक्यावर न जाता कंसात येते, *vab-3(e648)*. त्यातला e हा ते अ‍ॅलील केंब्रिजच्या प्रयोगशाळेतले असल्याची खूण आहे.

यीस्टमध्ये तर कॅपिटल-स्मॉलवर जनुकाची प्रकृती ठरते. *URA3* म्हणजे निरोगी जनुक, *ura3-52* म्हणजे त्याचा अप्रभावी बिघाड. उंदराची सवय लागलेल्या हाताने इथे *Ura3* असे तिरपे लिहिले, तर ते निरोगीही नाही आणि बिघडलेलेही नाही.

बहुतेक चुका हातून नव्हे, संगणकाकडून होतात. वाक्याच्या आरंभी आलेल्या *pax6b* चे पहिले अक्षर तो आपणहून कॅपिटल करतो आणि माशाचे जनुक प्रथिनासारखे दिसू लागते. नियमाने ते वाक्यारंभीही स्मॉलच राहते. मजकूर एका खिडकीतून दुसरीत चिकटवताना तिरपा ठसा आणि डोक्यावरची अक्षरे गळतात, *Pax6<sup>Sey</sup>* चे Pax6Sey होते. तिरपा ठसा मिळतच नसेल, तर ‘जनुक’ किंवा ‘प्रथिन’ हा शब्द सोबत लिहावा. अहवाल संपल्यावर प्रत्येक चिन्ह शोधून, ते जिथे जिथे आले ती प्रत्येक जागा डोळ्यांखालून घालणे हाच खात्रीचा उपाय आहे.

मराठीत लिहिणाऱ्याला एक अडचण जास्त आहे. देवनागरीत कॅपिटल-स्मॉल नाहीत. ‘पॅक्स-सिक्स’ लिहिले की माणूस, उंदीर आणि बेडूक एका रांगेत येऊन बसतात. तेव्हा मराठी लेखातही हे चिन्ह रोमन अक्षरांतच ठेवावे.